पेंटिंग स्टाईलचा फोटो छापण्याआधी काय तपासावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकसष्टी, लग्नाचा वाढदिवस, वास्तुशांत अशा निमित्ताने घरच्या फोटोवरून तैलचित्रासारखं किंवा कार्टूनसारखं चित्र करून घेणारे सांगली-मिरजेत आता पुष्कळ आहेत. एआयची साधनं हे काम काही मिनिटांत करतात आणि लांबून चित्र देखणं दिसतं. चुका दिसतात त्या जवळ गेल्यावर, किंवा घरातलं माणूस चित्रासमोर उभं राहिल्यावर. ही उत्तरं असं चित्र छपाईला सोडणाऱ्या स्टुडिओवाल्यांसाठी लिहिली आहेत. चित्र करून घेणाऱ्यांनाही ती वाचता येतील.

सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. मिरजेतल्या एका तंतुवाद्य कारागिराच्या घरचा फोटो. आजोबा बैठक मारून बसलेत, डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर नुकतीच तयार झालेली सतार, आणि ती वाजवून बघतानाच ते हसले आहेत. शेजारी नऊवारीत आजी. मागे नात उभी, तिचा एक हात आजोबांच्या खांद्यावर. या फोटोवरून १६ × २० इंचांचं तैलचित्र शैलीतलं चित्र हवं आहे.

शैली म्हटली की थोडा बदल होणारच. मग चूक कशाला म्हणायचं?

ब्रशचे फटकारे दिसणं, मागची भिंत विरघळून जाणं, साडीच्या चुण्या सोप्या होणं ही शैली आहे. माणसाची ओळख ज्यावर टिकून असते ते बदललं तर ती चूक. आजोबांच्या समोरच्या दोन दातांत फट आहे. चित्रात ती बुजली, तर दात कितीही सुबक आले असले तरी ती चूकच आहे.

म्हणून मूळ फोटो शेजारी ठेवल्याशिवाय तपासणी करू नये. एकटं चित्र बघत बसलं की आपली नजर 'चेहरा छान आहे का' एवढंच विचारते. विचारायचं असतं 'हा चेहरा यांचाच आहे का'. डोळ्यांतला किंचित तिरळेपणा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा, कामात दुखावलेलं बोट, गालावरचा तीळ, कोडाचे डाग, हे सगळं मुळात असेल तर चित्रात असायला हवं. काही काढायचं असेल तर ते घरच्यांनी स्वतःहून सांगितल्यावर काढावं.

तपासायला सुरुवात कुठून करायची?

आधी चित्र स्क्रीनवर हाताच्या तळव्याएवढं लहान करून बघा. या आकारात बारकावे दिसत नाहीत, त्यामुळे मोठ्या चुका वर येतात: कोणाचं तरी डोकं अंगाच्या मानाने मोठं झालंय, सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे झालेत, किंवा एक हात कोणाचाच नाही.

मग मूळ फोटो आणि चित्र एकावर एक दोन लेयरमध्ये ठेवून वरचा लेयर चालू-बंद करत राहा. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांत नजर फरक सहज बुजवून टाकते. त्याच जागी आलटून पालटून दाखवलं की जे हललं आहे ते लगेच डोळ्यांत भरतं. भुवई वर सरकलेली, जबडा अरुंद झालेला, नाक निमुळतं झालेलं इथेच कळतं.

त्यानंतर शंभर टक्के झूम करून एकेक भाग घ्यायचा. प्रत्येक माणसाचे दोन्ही डोळे, मग तोंड, मग दोन्ही हात. एका माणसाचं सगळं संपवून पुढच्याकडे जा. रंग सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी सगळी माणसं एकत्र बघावी लागतात. त्या वेळी मॉनिटरवरचा रात्रीचा पिवळसर मोड बंद असल्याची खात्री करा.

डोळ्यांत नेमकं काय बघायचं?

पहिली गोष्ट म्हणजे चमक, बुबुळावर पडलेला उजेडाचा पांढरा ठिपका. आपल्या फोटोत उजेड आजोबांच्या उजव्या हाताच्या खिडकीतून आला आहे. म्हणजे दोन्ही डोळ्यांत ठिपका त्याच बाजूला, जवळपास सारख्याच उंचीवर असायला हवा, आणि आजी व नातीच्या डोळ्यांतही उजेड त्याच दिशेचा दिसायला हवा. एका डोळ्यात ठिपका डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे असं झालं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण नजर कृत्रिम वाटते.

दुसरी गोष्ट पापणी. सरळ, शांत बघणाऱ्या माणसात वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकते. चित्रात बुबुळ पूर्ण गोल दिसायला लागलं आणि त्याच्या चारी बाजूंनी पांढरं दिसलं, तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. हसताना तर डोळे आणखी बारीक होतात. आजोबा हसताहेत आणि डोळे टपोरे आहेत, म्हणजे तोंड एका चेहऱ्याचं आणि डोळे दुसऱ्या चेहऱ्याचे आले आहेत.

तिसरी गोष्ट बुबुळाचा आकार. मोठ्या माणसांत बुबुळाचा व्यास साधारण १२ मिलिमीटर असतो आणि माणसामाणसांत त्यात फार कमी फरक पडतो. एकाच चेहऱ्यावर, समोरून काढलेल्या फोटोत, एक बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठं दिसलं तर ते दुरुस्त करायचं. बाहुली गोल आहे ना, तिची कड बुबुळात सांडली नाही ना, तेही बघा. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांचा पांढरा भाग किंचित पिवळसर किंवा लालसर असतो. साधनं तो कागदासारखा पांढरा करून टाकतात, आणि सत्तरीच्या चेहऱ्यात विशीचे डोळे बसल्यासारखे वाटतात.

कार्टून शैलीत डोळे मुद्दाम मोठे केलेले असतात. तिथे आकाराची ही मापं लागू करू नका. चमकेची दिशा आणि नजरेची दिशा मात्र तिथेही तपासायचीच.

चष्मा असेल तर?

दोन्ही काड्या कानाकडे जातात का, आणि काचेतून दिसणारी गालाची कड मूळ फोटोतल्याच जागी आहे का, एवढं बघितलं तरी पुरतं. जाड नंबरच्या काचेत ही कड मुळातच सरकलेली दिसते, ती साधनाने 'सरळ' केली असेल तर परत आणावी लागते.

दात नेहमी का बिघडतात?

कारण चित्र तयार होतं त्या आकारात दाताला जागाच उरत नाही. स्टेबल डिफ्यूजनसारखी साधनं मूळ चित्रावर थेट काम करत नाहीत. आधी ती चित्र आकसून घेतात, आणि त्यांच्या १.५ सारख्या आवृत्त्यांत ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनाचा एक कप्पा होतो. आता हिशेब बघा. चित्र १०२४ पिक्सेल रुंदीवर तयार झालं आणि त्यात आजोबांचा चेहरा १५० पिक्सेल रुंद आला. चेहरा प्रत्यक्षात साधारण १४ सेंटिमीटर रुंद, वरचा समोरचा दात साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे दाताच्या वाट्याला ९ पिक्सेल, जेमतेम एक कप्पा. शेजारचा दात त्याहून अरुंद. दोन दातांतली फट तर कप्प्याच्या आतच हरवते. मग साधन तिथे 'दातांसारखं काहीतरी' भरतं.

ते काहीतरी कसं ओळखायचं? वरच्या ओठाच्या मध्यावरून नाकाकडे एक उभी रेघ मनात ओढा. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा दात, मग एकेक लहान, मग एकेक सुळा असा क्रम लागला पाहिजे. बिघडलेल्या चित्रात बरोबर रेघेवरच एक दात बसलेला असतो, किंवा चार-पाच दात एकाच रुंदीचे असतात, किंवा दातांऐवजी पांढरी पट्टीच असते. वरचे आणि खालचे दात मिळून एकच उंच दात झालेले दिसतात तेही बघा. मधली रेघ किंचित सरकलेली असणं मात्र पुष्कळ लोकांत नैसर्गिक असतं, म्हणून निर्णय मूळ फोटोवरूनच घ्यायचा.

तैलचित्र शैलीत प्रत्येक दात सुटा रंगवण्याची गरज नसते. दातांचा भाग मऊ, एकसंध ठेवून फक्त मधली फट आणि सुळ्यांच्या कडेचा अंधार दाखवला तर ते जास्त खरं वाटतं. आजोबांच्या चित्रात साधनाने फट बुजवून सहा सारखे दात बसवले होते. तोंडाचा भाग मूळ फोटोतून कापून, चौपट मोठा करून, वेगळा शैलीत काढला आणि परत बसवला. तेव्हा फट टिकली, कारण आता दाताला चार-साडेचार कप्पे मिळाले.

हातांची बोटं मोजली की काम झालं का?

बोटं मोजायचीच, पण बोटं पाच असूनही हात चुकीचा असू शकतो. आणि कधी मुळातच सहा बोटं असतात, म्हणून मोजणीही मूळ फोटोत आधी करायची.

माझी पद्धत उलटी आहे. बोटाच्या टोकापासून मागे जायचं: नख, पेरं, तळवा, मनगट, कोपर, खांदा. ही वाट न तुटता ज्या माणसापर्यंत पोहोचते त्याचाच तो हात. नातीचा आजोबांच्या खांद्यावरचा हात तपासताना हे फार उपयोगी पडतं. पहिल्या चित्रात तिचा हात नीट पाच बोटांचा होता, पण मनगटापासून मागे गेलं की बाही आजीच्या पदरात शिरत होती. म्हणजे हात आजीचा झाला होता, आणि आजीचे दोन्ही हात तर मांडीवर होते.

बोटांना तीन पेरं आणि अंगठ्याला दोन, हे लक्षात ठेवा. अंगठा कोणत्या बाजूला आहे त्यावरून हात डावा की उजवा ते ठरतं, आणि एआयच्या चित्रात डाव्या मनगटाला उजवा पंजा लागलेला पुष्कळदा सापडतो. नमस्काराच्या मुद्रेत आणि एकमेकांत गुंतवलेल्या बोटांत गडबड जास्त होते, कारण कुठलं बोट कुठल्या हाताचं हे मूळ फोटोतही पटकन कळत नाही. बांगड्या मनगटाभोवती फिरून मागे गेल्या पाहिजेत. चुड्यातली एखादी बांगडी कातडीत बुडालेली किंवा मध्येच तुटलेली दिसली तर ती दुरुस्त करावी.

हातात वस्तू असेल तर काय वेगळं बघायचं?

वस्तू कशी धरतात हे माहीत असलेल्या माणसाला चित्र दाखवायचं. सतार घ्या. उजव्या हाताच्या तर्जनीवर तारेची नखी असते आणि अंगठा वाद्याच्या कडेला टेकलेला असतो. डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागे असतो आणि तर्जनी-मधलं बोट पडद्यांवर तारा दाबतात. चित्रात काय झालं होतं? नखीची अंगठी झाली होती आणि ती अनामिकेवर गेली होती. डावा अंगठा पुढे येऊन तारांवर पडला होता. दोन तारा बोटापाशी येऊन संपत होत्या आणि पलीकडे वेगळ्याच जागेतून सुरू होत होत्या.

सतार न पाहिलेल्या माणसाला यातलं काहीच खटकलं नसतं, आणि चित्र तर ज्यांची हयात वाद्य जुळवण्यात गेली त्यांच्या दिवाणखान्यात लागणार होतं. अशा वेळी हात आणि वाद्य एकत्र कापून मूळ फोटोच्या जास्तीत जास्त जवळ राहील असं काढावं. साधनात बदलाची मात्रा ठरवण्याचा आकडा असतो, स्क्रीनवर तो बहुधा `Denoising strength` या नावाने दिसतो. पूर्ण चित्राला ०.५ ठेवला असेल तर हातांच्या तुकड्याला ०.३ च्या आसपास ठेवून बघा. तारा मात्र शेवटी हाताने, सरळ रेघ ओढून काढाव्या लागल्या. घोडीपासून खुंटीपर्यंत एकेक तार बोटाखालून सलग गेली की नाही ते बघून काम संपवलं.

तेच विळा, जातं, तबला, क्रिकेटची बॅट, स्टेथोस्कोप अशा कोणत्याही वस्तूबद्दल. आपल्याला माहीत नसेल तर त्या कामातल्या माणसाला विचारा.

चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतील तर सारख्या कराव्यात का?

नाही. कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई वर, एका गालावर खळी, हसताना ओठाचं एक टोक जास्त उचललेलं, यावरच घरचे लोक ओळखतात. एआयची साधनं आणि विशेषतः चेहरा 'सुधारणारी' साधनं हा फरक पुसून चेहरा सरासरीकडे नेतात. त्यामुळे चूक दोन्हीकडून होते. मुळात नसलेला वाकडेपणा येतो, आणि असलेला जातो.

तपासायला चित्र आडवं उलटं करा, आरशात दिसतं तसं. सवयीमुळे न दिसलेला वाकडेपणा उलट्या चित्रात लगेच दिसतो: एक कान खाली, जबडा एकीकडे ओढलेला, डोळ्यांची रेघ आणि तोंडाची रेघ जुळत नाही. मग मूळ फोटोही तसाच उलटा करून बघा. तिथेही तेच दिसलं तर ते त्या माणसाचं आहे, हात लावू नका.

पूर्ण चित्रच उलटं झालं असेल तर कसं कळेल?

हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, कारण पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो काही मोबाईलमध्ये आरशातल्यासारखे साठवले जातात. आपल्याकडे खुणा सोप्या आहेत. नथ बहुतेक डाव्या नाकपुडीत असते आणि नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर. दोन्ही उजवीकडे दिसले तर घरी विचारून घ्या. पुरुषांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात. केसांचा भांग आणि तीळ मात्र फक्त दुसऱ्या एखाद्या फोटोशी ताडून कळतात.

कातडीचा रंग उजळ झालाय असं वाटतं, पण खात्री कशी करायची?

या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं. जास्तीचं बोट कोणीही दाखवून देतो. आजोबांचा सावळा रंग दोन पायऱ्या उजळ झाला तर पुष्कळ लोक 'फोटो छान आलाय' म्हणतात, आणि ज्यांचा चेहरा आहे ते काही बोलत नाहीत.

नुसत्या नजरेने ठरवायला जाऊ नका. मागची भिंत गडद झाली तरी चेहरा उजळ वाटतो. त्यासाठी मोजायचं. फोटोशॉपच्या `Info` पॅनेलमध्ये किंवा गिंपच्या कलर पिकरमध्ये रंग `Lab` मध्ये वाचता येतो. यात तीन आकडे मिळतात. `L` म्हणजे उजळपणा, ० काळा आणि १०० पांढरा. `a` वाढला की लालसरपणा वाढतो, `b` वाढला की पिवळसरपणा. एकाच पिक्सेलवर टिचकी मारू नका, कारण तैलचित्रात तिथे नेमका ब्रशचा फटकारा असू शकतो. सरासरी घेण्याचा पर्याय निवडा. फोटोशॉपमध्ये `31 by 31 Average` चालतो.

आता खरी युक्ती. कातडीबरोबरच फोटोतली एखादी पांढरी किंवा राखाडी वस्तूही मोजायची. आपल्या फोटोत टोपी आहे. आजोबांच्या गालाचे मूळ आकडे ४६, १५, २१ होते, चित्रात ते ५७, १३, १७ झाले. टोपीचा `L` ९१ होता, तो ९२ झाला. टोपी जागच्या जागी राहिली आणि गाल ११ अंकांनी उजळला. म्हणजे उजेड वाढवलेला नाही, फक्त कातडी बदलली आहे. टोपीही त्या मानाने उजळली असती, तर पूर्ण चित्राचा उजेड वाढला असं म्हणता आलं असतं. पांढऱ्या वस्तूबाबत एक अडचण आहे: ती मुळातच ९७-९८ वर असेल तर तिला उजळायला जागाच नसते, तेव्हा राखाडी भिंत किंवा जमीन मोजा.

पुढची पायरी म्हणजे माणसामाणसांतला फरक. आजींच्या गालाचा `L` ५२ वरून ५९ वर गेला, नातीचा ५५ वरून ६० वर. मुळात आजोबा आणि नात यांच्यात ९ अंकांचा फरक होता, चित्रात तो ३ उरला. तिघंही एकाच रंगाकडे सरकले, आणि जो जास्त सावळा होता तो जास्त सरकला. शैलीचा रंग सगळ्यांवर सारखा चढतो. असा बदल शैलीच्या नावावर खपवता येत नाही.

गाल, कपाळ, मान आणि हाताची पाठ अशा चार जागा प्रत्येकाच्या मोजा, आणि दोन्ही चित्रांत तीच जागा, तोच उजेड-सावलीचा भाग घ्या. चेहरा उजळला आणि हात तसेच राहिले, असंही होतं. मग हात दुसऱ्याच माणसाचे वाटतात.

किती फरक चालतो?

दोन रंगांतलं अंतर काढायचा साधा हिशेब असा आहे:

```
ΔE = √( (L2−L1)² + (a2−a1)² + (b2−b1)² )
```

शेजारी ठेवलेल्या दोन सपाट रंगांत २-३ इतकं अंतर बऱ्याच लोकांना दिसू लागतं. आजोबांच्या गालाचं अंतर जवळजवळ १२ निघतं. रंगवलेल्या चित्रात इतकी कडक मर्यादा पाळता येत नाही. मी कातडीसाठी ५ च्या आत आणि एकट्या `L` साठी ३ च्या आत राहायचा प्रयत्न करतो. हा माझ्या कामापुरता ठरवलेला आकडा आहे, कुठलं मानक नव्हे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसांचा क्रम आणि त्यांच्यातलं अंतर टिकलं पाहिजे. संध्याकाळच्या सोनेरी रंगात किंवा निळ्या छटेत मुद्दाम केलेलं चित्र असेल तर आकडे सगळे हलतील, पण टोपीही तेवढीच सोनेरी व्हायला हवी आणि आजोबा नातीपेक्षा सावळेच दिसायला हवेत.

रंग उजळतो तरी का?

साधन जे चेहरे बघून शिकलं त्यांत उजळ चेहरे जास्त असतील, तर अंदाज करायची वेळ आली की ते तिकडेच झुकतं. २०२० मध्ये पल्स नावाच्या साधनाला बराक ओबामांचा अगदी अस्पष्ट, चौकोनी ठिपक्यांचा फोटो दिला गेला, तेव्हा त्याने गोऱ्या माणसाचा चेहरा तयार केला होता. त्यावर जगभर चर्चा झाली. चित्रातला चेहरा जितका लहान आणि अस्पष्ट, तितका अंदाज जास्त. शिवाय 'सुंदर', 'तेजस्वी', 'स्टुडिओ लाइट' अशा अर्थाचे शब्द सूचनेत घातले की कातडी उजळते. ते शब्द काढून पुन्हा चालवून बघा, पुष्कळदा अर्धा फरक तिथेच कमी होतो.

मूळ रंग परत कसा आणायचा?

चित्राच्या वर मूळ फोटोचा लेयर ठेवा, तो चांगला अस्पष्ट करा म्हणजे सुरकुत्या-केस नाहीसे होऊन फक्त रंगाचे डाग राहतील, आणि लेयरचा मोड `Color` करा. मग मास्क लावून तो फक्त कातडीवर ठेवा. ब्रशचे फटकारे तसेच राहतात आणि रंगछटा मुळातली येते.

इथे बरेच जण थांबतात, आणि रंग तरीही उजळच दिसतो. कारण `Color` मोड छटा परत आणतो, उजळपणा चित्राचाच ठेवतो. म्हणून त्याच मास्कवर `Curves` घेऊन उजळपणा वेगळा खाली आणावा लागतो. आजोबांसाठी ५७ वरून ४७ पर्यंत आणला. खाली आणताना कपाळावरची आणि नाकावरची चमक जपा, ती दाबली गेली की चेहरा मळकट दिसतो. सावळ्या चेहऱ्याचं रूप त्या चमकेवर असतं. प्रत्येकाचा मास्क वेगळा हवा. तिघांना एकाच फटक्यात खाली आणलं तर नात मुळापेक्षा जास्त सावळी होईल.

दुरुस्तीनंतर चारही जागा पुन्हा मोजा. मग छपाईच्याच कागदावर किंवा कॅनव्हासवर चेहऱ्याची एक लहान पट्टी छापून दिवसाच्या उजेडात बघा, कारण छपाईतही रंग थोडा सरकतो.

घरचेच म्हणाले 'थोडं उजळ करा', तर?

तेव्हा आम्ही पूर्ण फोटोचा उजेड वाढवून दाखवतो. टोपी, भिंत, साडी सगळंच उजळतं आणि माणसांतलं अंतर टिकतं. बहुतेकांना तेवढंच हवं असतं, कारण घरातला फोटो मुळातच अंधारात काढलेला असतो. एकट्या नातीला गोरं करा, एकट्या सुनेला गोरं करा असं सांगणारेही येतात. त्या मुलीला विचारलंय का, एवढं मी विचारतो. तिने नको म्हटलं तर मी ते काम करत नाही.

चुका सापडल्या तर पूर्ण चित्र पुन्हा काढायचं की तेवढाच भाग?

चेहऱ्याची ठेवणच चुकली असेल, जबडा, नाक, डोळ्यांतलं अंतर, तर पुन्हा काढा. एक डोळा, दात किंवा एक हात चुकला असेल तर तेवढाच तुकडा मोठा करून काढा आणि परत बसवा. तुकडा बसवल्यावर सांध्याची रेघ आणि रंग पुन्हा बघायचा, कारण प्रत्येक नवा तुकडा आपला वेगळा रंग घेऊन येतो. या कारणासाठीही रंगाची तपासणी शेवटी ठेवलेली बरी.

फ्लेक्ससाठी इतकं बघावं लागतं का?

चौकात लांबून बघायच्या फ्लेक्सवर दातांची फट दिसत नाही, पण डोळ्यांची दिशा आणि कातडीचा रंग लांबूनच जास्त दिसतो. तिथे हे दोन नीट बघा. जमलंच तर हातही.

जुना कृष्णधवल फोटो असेल तर कातडीचा रंग कशाशी ताडायचा?

कृष्णधवल फोटोवरून रंग नक्की कळत नाही. जुन्या फिल्म आणि कागद रंगांना सारखं वागवत नसत, आणि त्या काळच्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने चेहरा उजळवण्याची पद्धतही होती. त्यामुळे फोटोतली राखाडी छटा म्हणजे माणसाचा रंग असं धरता येत नाही. त्याच माणसाचा नंतरचा एखादा रंगीत फोटो मागा, लग्नाच्या अल्बममध्ये कोपऱ्यात उभा असलेला चालेल. तो नसेल तर ज्यांनी त्यांना पाहिलंय अशा घरातल्या मोठ्यांना विचारा: भावंडांत कोणासारखा रंग होता, मुलांपैकी कोणावर गेलाय. त्या भावाचा किंवा मुलाचा हल्लीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून त्याचे आकडे घ्या आणि दोन-तीन छटा छापून त्यांनाच निवडू द्या. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवरून निवड करू नका, प्रत्येक मोबाईलची स्क्रीन वेगळा रंग दाखवते. सांगणारं कोणीच उरलं नसेल, तर चित्र तपकिरी एकरंगी छटेत करून द्या आणि घरच्यांना त्याचं कारण सांगा.